वजनाची कॅप्सूल, वडाभात आणि जाऊबाईंचा टीएसएच

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. आर्वीकडच्या एका खेड्यातून लिहून राहिली. प्रश्न माझ्या मोठ्या जाऊबाईंचा आहे, त्यांना विचारूनच लिहिते.

वय ४६, उंची पाच फूट, म्हणजे १५२ सेंटिमीटर. जानेवारीत वजन ८४ किलो होतं. थायरॉईडची ७५ ची गोळी सहा वर्षांपासून सुरू आहे, बीपीची एक. गुडघे बोलतात म्हणून शहरात दाखवलं तर डॉक्टरांनी वजन कमी करायला ऑरलिस्टॅट १२० लिहून दिली, तीनदा, जेवणासोबत.

आता झालं असं की गेल्या आठवड्यात चुलत दिराचं लग्न होतं. पंगतीत वडाभात. वडाभातावर फोडणीचं तेल कसं ओततात ते तुम्हाला माहीत आहेच, अन् आमच्याकडचे वाढपी हात आखडत नाहीत. त्यांनी इमानदारीनं कॅप्सूलही घेतली. चार वाजता वरातीत उभ्या असताना मागून साडीला मोठा डाग. रंग केशरी. बायकांना वाटलं हळदीचा आहे, हसल्या. घरी येऊन पाहतात तर संडासात पाण्यावर केशरी तेलाचा तवंग. जाऊबाई रडायच्या बेतात होत्या, पण मग म्हणाल्या, "जाऊ दे, चरबी वितळून बाहेर तरी येऊन राहिली."

हे खरं का? आणि दुसरं, चार महिन्यांत वजन ८१.२ झालं. म्हणजे पावणेतीन किलो. पण दिवसभर झोप येते, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. काल रिपोर्ट आला. थायरॉईडच्या रक्ततपासणीत डिसेंबरमध्ये टीएसएच ३.२ होता, आता १४.६ आहे. कॅप्सूलनं थायरॉईड बिघडतो का? तीन वर्षांपूर्वी मुतखडाही झाला होता, ते डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं.

जिमवाला अकोला

ताई, घाबरू नका, ते बरोबरच होऊन राहिलं. ही कॅप्सूल फॅट बर्नर आहे. पोटाची चरबी वितळते आणि बाहेर पडते, तेलकट येतं म्हणजे काम करत आहे. भूकही कमी होते तिनं. माझ्या जिममध्ये दोघांनी घेतली, एकाचं सात किलो उतरलं.

सावजीप्रेमी

वडाभात खाऊन कॅप्सूल घेतली म्हणजे आग लावून पाण्याची बादली जवळ ठेवली. बादली लहान पडली, एवढंच.

पुण्यात अडकलेला

ही तीच ना, आठवड्यातून एकदा पोटात टोचायची? माझ्या ऑफिसात तिघं घेतात. लय महाग आहे हो. मळमळ होते म्हणतात. तेलाचं मात्र कोणी बोललं नाही.

पऱ्हाटी

नाही हो भाऊ, सुई नाही. निळसर कॅप्सूल आहे, पाण्यासोबत गिळायची. टोचायचंवालं आमच्या गावापर्यंत अजून आलं नाही.

निवृत्त एमओ

पऱ्हाटीताई, मी तीस-एक वर्षं ग्रामीण रुग्णालयात काढली, त्या आधारावर सांगतो. तपासून औषध बदलण्याचं काम तुमच्या डॉक्टरांचंच.

आधी तवंगाचं. तो जाऊबाईंच्या अंगावरच्या चरबीचा नाही. तो त्याच वडाभाताचा आहे. आपण तेल खाल्लं की ते जसंच्या तसं आतड्यातून रक्तात जात नाही. स्वादुपिंडातून येणारं लायपेज नावाचं पाचक द्रव्य तेलाचे तुकडे करतं, मग ते शोषलं जातं. ऑरलिस्टॅट त्या लायपेजला चिकटून बसतं आणि त्याचं काम बंद पाडतं. पूर्ण नाही, पण पोटात गेलेल्या तेलातुपातला साधारण ३० टक्के भाग न पचता सरळ खाली जातो. कॅप्सूल स्वतःही रक्तात जवळपास जात नाही, तिचं सगळं काम आतड्यात. त्यामुळे ती भूक मारत नाही आणि चरबी जाळतही नाही. जिमवाले भाऊ, तुमच्या मित्राचे सात किलो उतरले असतील, पण ते व्यायामाचं आणि खाण्याचं श्रेय आहे. तेलकट येणं हे काम चालू असल्याचं लक्षण आहे, इतकं तुमचं बरोबर. पण ते "जेवणात तेल जास्त झालं" याचंही लक्षण आहे.

म्हणून हिशोब ताटातल्या तेलावर चालतो. प्रत्येक जेवणात साधारण १५ ग्रॅमपर्यंत स्निग्ध पदार्थ असले तर बहुतेकांना फारसा त्रास होत नाही. वडाभाताच्या एका पंगतीत ५० ग्रॅम सहज जातं. त्यातलं १५ ग्रॅम न पचता बाहेर पडायला निघालं, आणि वरातीत रोखायचं कसं, तर रोखता येत नाही.

टीएसएचचं आणि खड्याचं नंतर लिहितो. त्याआधी दोन गोष्टी सांगा. घरात महिन्याला तेल किती लागतं, आणि थायरॉईडची गोळी किती वाजता घेतात?

मेडिकलवाला भाऊ

डॉक्टरसायबांनी बरोबर सांगतलं. मी दुकानात सांगून-सांगून थकलो बाप्पा. लोकं येतात, म्हणतात, "भाऊ, ते चरबीची गोळी द्या." चिठ्ठी हाये का इचारलं तं म्हणतात शेजारणीनं सांगतली. शेजारणीले सूट झाली म्हून तुमालेबी होईन काय? अन् कॅप्सूल देताना मी येकच सांगतो: ज्या जेवणात तेल नाही, नाही तं जेवनच नाही, तवा कॅप्सूलबी नाही. उपास अशीन तं डब्बीत ठेवा. एका बाईनं एकादशीले फकस्त केळी खाल्ले अन् तीन कॅप्सूल घेतल्या. पैसे वाया गेले नाही तं काय.

पऱ्हाटी

घरात सहा माणसं मोठी. सोयाबीन तेलाचा १५ किलोचा डबा दीड महिना पुरतो. वरून शेंगदाणे, जवसाच्या चटणीवर तेल, घरचं दूध. थायरॉईडची गोळी आधी पहाटे पाचला उठून उपाशीपोटी घेत होत्या. जानेवारीत कॅप्सूल सुरू झाली तेव्हा औषधं देणाऱ्या मुलानं सांगितलं, "काकू, सगळ्या गोळ्या नऊच्या जेवणासोबत घ्या म्हणजे विसरायच्या नाहीत." तेव्हापासून तिन्ही एकत्र.

निवृत्त एमओ

सापडलं. थोडं सविस्तर लिहितो.

थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते, कारण अन्नासोबत ती कमी शोषली जाते. दूध, चहा, कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी, सोयाबीनचे पदार्थ, सगळे तिच्या वाटेत येतात. त्यात ऑरलिस्टॅटही ती कमी शोषू देतं आणि टीएसएच वाढतो, असं आढळलेलं आहे. म्हणून दोघांमध्ये किमान चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. जाऊबाईंची गोळी आधी उपाशीपोटी जात होती, आता जेवणात, तेही कॅप्सूलच्या शेजारी. जेवणामुळे किती आणि कॅप्सूलमुळे किती, हे वेगळं काढता येणार नाही. पण गोळी बदललेली नाही, ताकद तीच आहे, आणि टीएसएच ३.२ वरून १४.६ ला गेला, तर वेळ बदलल्यामुळे हा माझा पहिला संशय. कॅप्सूलनं थायरॉईड ग्रंथी बिघडवली नाही. गोळी पोहोचलीच नाही.

दुरुस्ती तुमच्याकडे आयती आहे. पहाटे पाचला गोळी पाण्यासोबत, चहा सहाच्या आसपास, पहिलं जेवण नऊला. पाच ते नऊ, चार तास झाले. शेतकरी घराचं घड्याळ या औषधाला बरोबर बसतं, शहरात आठला उठणाऱ्यांचीच अडचण होते. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. डॉक्टर आताच गोळी ७५ वरून १०० करू म्हणाले तर वेळ चुकत होती हे त्यांना आधी सांगा. नाहीतर वेळ सुधारली आणि वर गोळीही वाढली, तर पुढे उलटं चित्र दिसेल: छातीत धडधड, हात थरथर.

आता तेल. १५ किलोचा डबा ४५ दिवस, म्हणजे दिवसाला ३३० ग्रॅम. सहा माणसांत माणशी ५५. शेंगदाणे-दूध धरून ७० ग्रॅम समजा. कॅप्सूल त्यातलं ३० टक्के, म्हणजे २१ ग्रॅम अडवते. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे रोज जवळपास १९०. हे वाचायला चांगलं वाटतं. पण चहाचा छोटा चमचा तेल म्हणजे साडेचार ग्रॅम. फोडणीतून दिवसभरात चार चमचे तेल कमी केलं की १६० कॅलरी तिथेच गेल्या. तीन महागड्या कॅप्सूल आणि चार चमचे तेल, दोन्हीचं काम जवळपास सारखं. दोन्ही एकत्र केलं तर थेट बेरीज होत नाही, कारण तेल कमी झालं की अडवायलाही कमी उरतं.

सावजीप्रेमी

डॉक्टरसाहेब, चार चमचे तेल कमी करायला सांगणं म्हणजे विदर्भातल्या माणसाला भाजीची तर्री काढून पाणी द्या म्हणण्यासारखं आहे. पण हिशोब बरोबर आहे, मान्य.

पऱ्हाटी

आमच्या घरी तेलापेक्षा चहा जास्त आहे हो. दिवसाचे सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. त्यावर कॅप्सूल काही करते का?

निवृत्त एमओ

काहीच नाही. साखर, भात, पोळी, गूळ यांच्याशी तिचा काहीच संबंध नाही. बारा चमचे साखर म्हणजे साधारण ५० ग्रॅम, २०० कॅलरी. हे ताटाबाहेरचं खाणं कॅप्सूल पाहतच नाही. ज्याच्या खाण्यात तेल मुळातच थोडं आहे आणि वजन भात-साखरेमुळे वाढलं आहे, त्याला तिचा फायदाही थोडा.

धामणगावकर

माझा भाचा अमेरिकेत असतो, तो येताना आईसाठी तिथल्या कोणत्याशा गोळ्या घेऊन आला होता. त्याला तिथल्या डॉक्टरनं दिल्या होत्या, उरल्या म्हणून. फेंटरमिन असं नाव आहे. आईचं वय ६२, बीपी आहे. दोन दिवस घेतल्या. रात्री झोप नाही, तोंड कोरडं, बीपी १७४/१०२. तिसऱ्या दिवशी बंद केल्या. तीही हीच औषधं का? म्हणजे बाकीच्या ठेवायच्या की फेकायच्या?

निवृत्त एमओ

फेकायच्या. ही वेगळी जात आहे. ऑरलिस्टॅट आतड्यात बसते, फेंटरमिन मेंदूवर काम करते आणि भूक मारते. अमेरिकेत ती १९५९ पासून आहे आणि आजही तिथे थोड्या आठवड्यांसाठी लिहून देतात. तिचा स्वभाव उत्तेजक गोळीचा. नाडी आणि बीपी वाढवते, झोप उडवते. हृदयविकार, लकवा झालेला, ताब्यात नसलेलं बीपी, थायरॉईड जास्त चालणारा, काचबिंदू, गरोदरपण आणि अंगावर पाजणारी आई, यांना ती द्यायची नसते. तुमच्या आईसाहेबांना ती कोणी तपासून दिलेली नव्हती, आणि बीपीनं दोन दिवसांत उत्तर दिलं. बीपी परत खाली आलं का, हे नक्की पाहा.

वजनाच्या औषधांतली बरीच गाडी याच रुळावर घसरली आहे. याच फेंटरमिनला फेनफ्लुरामिनची जोड देऊन ती खूप गाजली, मग हृदयाच्या झडपा खराब होतात हे दिसलं आणि १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन काढून घेतलं. त्यानंतर सिबुट्रामिन आलं.

वणीची सून

सिबुट्रामिन? थांबा थांबा. मी हे नाव ऐकलं आहे.

मागच्या वर्षी माझ्या मैत्रिणीच्या पार्लरमध्ये एक बाई पावडर विकायची. डब्यावर झाडाचं चित्र, "शंभर टक्के आयुर्वेदिक". गरम पाण्यात एक चमचा. मी १८ दिवस घेतली. खरं सांगते, भूक मेली. एका भाकरीवर दिवस निघायचा. साडेतीन किलो उतरले, मला वाटलं चमत्कार झाला. पण हृदय असं धडधडायचं की रात्री उशीवर कान ठेवला की ऐकू यायचं. चिडचिड इतकी की लेकराला उगीच मारलं. सासूबाईंनी डबाच उकिरड्यावर फेकला. बंद केल्यावर आठ दिवसांनी धडधड थांबली आणि महिन्याभरात वजन परत आलं. शहरातल्या डॉक्टरांनी ऐकलं तेव्हा म्हणाले, त्यात सिबुट्रामिनसारखं काही मिसळलं असू शकतं, डबा असता तर तपासता आलं असतं.

निवृत्त एमओ

डबा नसताना ते ठामपणे सांगता येणार नाही, पण लक्षणं तशीच आहेत. सिबुट्रामिन भूक मारतं आणि नाडी-बीपी वाढवतं. जवळपास दहा हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला. पंचावन्न आणि त्यापुढचे, बहुतेकांना हृदयविकार किंवा शुगर. त्यात हार्ट अटॅक, लकवा यासारख्या घटना सिबुट्रामिन घेणाऱ्यांमध्ये ११.४ टक्के आणि डमी गोळी घेणाऱ्यांमध्ये १० टक्के निघाल्या. फरक लहान दिसतो, पण वजन कमी करायच्या गोळीनं हृदय सांभाळावं अशी अपेक्षा असताना उलटं झालं. २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेतून गेलं आणि भारतात २०११ मध्ये बंदी आली. पुढेही "हर्बल" नावाच्या पावडरी आणि कॅप्सूलमध्ये ते मिसळलेलं सापडत राहिलं, हे वेगवेगळ्या देशांच्या औषध विभागांनी वारंवार जाहीर केलं आहे. झाडपाल्यानं पहिल्या दोन दिवसांत भूक मरत असेल आणि छाती धडधडत असेल, तर डब्याबद्दल शंका घ्या. डबा फेकण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवत जा.

मेडिकलवाला भाऊ

आमच्याकडं बी थे पावडरवाली आल्ती. म्हणे, "दादा, दुकानात ठेवा, अर्धे-अर्धे." बिल मागतलं तं पुढच्या गावाले गेली. पुढच्या महिन्यात बाजारात बसलेली दिसली, सोबत एक पोट्टी होती अन् डब्ब्याचं नाव बदललेलं.

जिमवाला अकोला

ठीक आहे, फॅट बर्नर म्हणणं चुकलं. पण डॉक्टरसाहेब, मग ऑरलिस्टॅट द्यायचीच कशाला? चार चमचे तेल कमी केलं की झालं ना.

निवृत्त एमओ

फायदा लहान आहे, पण खरा आहे. स्वीडनमध्ये तीन हजारांहून जास्त लोकांवर चार वर्षं अभ्यास झाला. आहार आणि व्यायाम दोन्ही गटांना होता. कॅप्सूलवाल्यांचं सरासरी ५.८ किलो उतरलं, डमी कॅप्सूलवाल्यांचं ३ किलो. ज्यांना शुगर व्हायच्या बेतात होती, त्यांच्यात शुगर होण्याचं प्रमाणही कमी राहिलं. ज्याला कॅप्सूल तेलाशी भांडण लावून देते, तो हळूहळू तेल कमी करायला शिकतो, हाही त्याचाच भाग असावा. मला तर वाटतं वडाभाताचा डाग हे या औषधाचं सगळ्यात कडक पथ्य आहे.

प्रश्न आहे थांबायचा. बारा आठवड्यांत सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के उतरलं नाही तर पुढे चालू ठेवण्यात अर्थ नसतो, असा नियम बरेच डॉक्टर पाळतात. जाऊबाईंचे ८४ चे पाच टक्के म्हणजे ४.२ किलो. चार महिन्यांत २.८ झालं. पण इथे अडचण अशी की टीएसएच वाढलेला आहे, म्हणजे थायरॉईड कमी पडतोय, आणि कमी थायरॉईडमध्ये वजन तसंही चिकटून बसतं. कॅप्सूल हरली की थायरॉईडनं तिला हरवलं, हे मी इथून सांगू शकत नाही.

पऱ्हाटी

आणि मुतखडा? कॅप्सूल थांबवायची का त्यासाठी?

निवृत्त एमओ

तो डॉक्टरांना सांगायचा राहिला, हे मला जास्त टोचतं.

खडे बऱ्याचदा कॅल्शियम-ऑक्झलेटचे असतात. पालक, तीळ, शेंगदाणे अशांतून ऑक्झलेट येतं. साधारणपणे ते आतड्यातल्या कॅल्शियमला धरतं आणि दोन्ही संडासवाटे बाहेर जातात. न पचलेलं तेल आतड्यात जमलं की ते कॅल्शियमला आपल्याकडे ओढतं. ऑक्झलेट मोकळं राहतं, शोषलं जातं आणि मूत्रपिंडाकडे निघतं. तिथे खडा होतो, आणि मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर ऑक्झलेट साचून ते आणखी बिघडू शकतं. अशी प्रकरणं नोंदलेली आहेत. त्यात आपल्याकडचा मे महिना. अंगावर पाण्यासारखा घाम, पिण्याचं पाणी कमी, लघवी घट्ट. म्हणून आधी खडा झालेल्याला देताना मी विचार केला असता, आणि देण्यापूर्वी मूत्रपिंड कसं आहे ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन पाहिलं असतं. "कधीच देऊ नये" असं मात्र नाही. हा सावधगिरीचा मुद्दा आहे, बंदीचा नाही.

पक्की बंदी कोणाला, तर ज्यांना अन्नच नीट शोषलं जात नाही असा जुनाट आजार आहे, ज्यांच्या पित्ताचा रस्ता अडलेला आहे, आणि गरोदर बायका. अंगावर पाजणाऱ्यांनाही देत नाहीत. रक्त पातळ करायची वॉरफरिन घेणाऱ्यांना अगदी जपून, कारण तेलासोबत जीवनसत्त्व के गळून जातं आणि रक्त आणखी पातळ होतं. मिरगीच्या औषधांतही गोंधळ होऊ शकतो. दीर्घकाळ घेतली तर अ, ड, ई, के ही तेलात विरघळणारी जीवनसत्त्वं कमी पडतात, म्हणून त्यांची एक गोळी रात्री झोपताना देतात, कॅप्सूलपासून निदान दोन तास लांब.

आणि डोळे पिवळे, लघवी चहासारखी गडद, अंगाला खाज असं काही दिसलं तर कॅप्सूल बंद करून लगेच दवाखाना. यकृताला इजा झाल्याच्या तुरळक घटना आहेत.

सावजीप्रेमी

शेंगदाणे अन् तीळ पण गेले? डॉक्टरसाहेब, आम्ही मग जगायचं कशावर?

निवृत्त एमओ

तुम्हाला खडा आहे का? नसेल तर जगा निवांत.

मेडिकलवाला भाऊ

डॉक्टरसायेब, येक गोष्ट मले पटली नाही. तुम्ही म्हणता खड्याले जपून द्या. पण आमच्याकडच्या एका सर्जननं एका पेशंटले खडा असूनबी लिहून देल्ली, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधी वजन उतरवायले. सहा महिने घेतली, काई झालं नाही.

निवृत्त एमओ

होऊ शकतं. एका पेशंटला काही झालं नाही म्हणून धोका नव्हता असं नाही, आणि धोका होता म्हणून त्यांचं चुकलं असंही नाही. पाणी भरपूर प्यायला लावलं असेल, रक्त-लघवी तपासली असेल. हे त्यांनाच माहीत.

पऱ्हाटी

मंडळी, दोन महिन्यांनी लिहून राहिली, तुम्ही विचारत होता म्हणून.

जाऊबाईंना घेऊन परत डॉक्टरांकडे गेलो. कागदावर सगळं लिहून नेलं: गोळ्यांच्या वेळा, तेलाचा डबा, खडा, पंगत. डॉक्टरांनी आधी खड्याचं ऐकून कपाळाला हात लावला. सोनोग्राफीत डाव्या बाजूला ४ मिलिमीटरचा एक छोटा खडा निघाला. तो जुना की नवा, ते म्हणाले सांगता येत नाही. क्रिएटिनिन ठीक आहे. त्यांनी कॅप्सूल बंद केली. थायरॉईडची गोळी ७५ च ठेवली, पहाटे पाचची वेळ परत सुरू. कालच्या रिपोर्टमध्ये टीएसएच ४.९ आहे. चेहऱ्याची सूज उतरली, दुपारची झोप कमी झाली.

वजन ८१.२ होतं, आता ८०.१ आहे. कॅप्सूलशिवाय. चहात एक चमचा साखर केली, तेलाचा डबा दोन महिन्यांवर नेला. सासरे कुरकुर करतात की भाजीला चव नाही.

एक गोष्ट राहिली. पाकिटात १४ कॅप्सूल उरल्या आहेत. धाकट्या नणंदेला बाळ झालं, चार महिन्यांचं आहे. ती मागून राहिली, म्हणते पोट सुटलं, लग्नातला ब्लाउज बसत नाही, वाया घालवण्यापेक्षा मला द्या.

निवृत्त एमओ

अंगावर पाजते ना?

पऱ्हाटी

हो.

मेडिकलवाला भाऊ

मंग नाही म्हणजे नाही ताई. कॅप्सूल माझ्या दुकानात आणून द्या, मी नीट फेकून देतो. पैसे मात्र परत भेटणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

वणीची सून

नणंदेला म्हणावं ब्लाउजला मागून पट्टी लावून घे. आमच्या गावातला शिंपी वीस मिनिटांत लावून देतो, मी लावून घेतली आहे.